खिडकीच्या कोपऱ्यावरची तिरकी भेग आणि लिंटेलखालची आडवी रेघ

प्रश्न : हर्णैजवळ आमचं चौदा वर्षांपूर्वी बांधलेलं चिऱ्याचं, स्लॅबचं घर आहे. समुद्र चालत दहा मिनिटांवर. हॉलच्या खिडकीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून तिरक्या भेगा वर गेल्यात. पश्चिमेकडच्या खोलीत खिडकीच्या वर एक बारीक आडवी रेघ आहे. गवंडी म्हणतो, पुट्टी भरून रंग मारू. काका म्हणतात, पाया खचलाय. कोणाचं ऐकायचं?

उत्तर :

भिंत तपासल्याशिवाय दोघांचंही नको. तुम्ही जेवढं सांगितलंत त्यावरून माझा अंदाज असा, की ज्या तिरक्या भेगांमुळे घरात पाया खचल्याची चर्चा सुरू झाली त्या बहुतेक प्लास्टरपुरत्या आहेत. काळजी वाटावी अशी ती पश्चिमेची आडवी रेघ आहे. किनारपट्टीवर हे उलटं गणित फार वेळा दिसतं. तिरकी भेग डोळ्यांत भरते म्हणून लोक तिला घाबरतात आणि सरळ रेघेवर दरवर्षी गणपतीच्या आधी पुट्टीचा हात फिरवतात.

आधी तिरक्या भेगांचं. भिंत बांधून झाली की ती वाळताना किंचित आकसते. प्लास्टर त्याहून जास्त आकसतं. सलग भिंतीत हा ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. खिडकीच्या जागी भिंतच नाही, त्यामुळे तिथला ताण वळसा घालून कोपऱ्याशी गोळा होतो. कापडाला कात्रीनं जिथे काप दिलाय तिथूनच ते फाटत जातं, तसं भिंतीचं. ताण कोपऱ्यावर तिरका येत असल्यानं भेगही साधारण ४५ अंशांत वर जाते. ही भेग प्रत्येक घरात पडतेच असं नाही, पण पडायची झाली तर इथेच पडते.

आपल्याकडे यात चिऱ्याची भर पडते. जांभा सच्छिद्र असतो, पाणी भराभर पितो. भिंत नीट भिजवल्याशिवाय प्लास्टर केलं, तर ओल्या मालातलं पाणी चिरा ओढून घेतो आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. त्यात चिऱ्याची बाजू खडबडीत, म्हणून सांध्यात प्लास्टर इंचभर जाड आणि चिऱ्याच्या उंचवट्यावर जेमतेम अर्धा इंच. जाड आणि पातळ थर वेगवेगळे आकसतात. आणि खिडकीच्या वर काँक्रीटचं लिंटेल असतं, फळ्यांच्या साच्यातून निघालेलं, गुळगुळीत. त्याला टाचे न मारता वर प्लास्टर चढवलं तर पकड बसत नाही. काही गवंड्यांना वाटतं की सिमेंट जास्त घातलं की काम पक्कं. प्लास्टरमध्ये हे खरं नाही. एकास तीनचा कडक माल एकास पाच-सहापेक्षा जास्त आकसतो आणि जास्त तडकतो.

आता एक मोजमाप स्वतः करा. भेग खिडकीच्या अगदी कोपऱ्यातून निघते, की कोपऱ्यापासून थोडं बाजूला सरकून? लिंटेल खिडकीपेक्षा लांब असतं. दोन्ही बाजूंना ते भिंतीत किमान सहा इंच बसलेलं असायला हवं. भेग कोपऱ्यापासून सहा-आठ इंचांवर सुरू होत असेल तर ती लिंटेलच्या टोकाशी आहे असं समजा. काँक्रीट आणि चिरा उन्हात सारखे वाढत नाहीत, आणि स्लॅब एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापून जूनच्या पहिल्या सरीत एकदम गार होतो. अशा वेळी लिंटेलच्या टोकाला बारीक भेग उमटते. तीही सहसा निरुपद्रवी. पण एका बाजूला भेग कोपऱ्यापासून तीनच इंचांवर असेल, आणि तिथला चिरा चुरलेला दिसत असेल, तर लिंटेल तिकडे पुरेसं बसवलेलंच नाही. त्या एका जागी सगळा भार एकवटतो. याला पुट्टीचा उपयोग नाही.

भेग किती रुंद आहे हे डोळ्यानं सांगता येत नाही. मुलांच्या कंपासपेटीतली ०.५ मिमीची पेन्सिलीची कांडी घ्या. ती भेगेत शिरत नसेल तर भेग अर्ध्या मिमीपेक्षा कमी. एटीएम कार्ड पाऊण मिमी जाड असतं. ते आत जायला लागलं तर तेवढ्यानं घर पडत नाही, पण प्रकरण केवळ रंगकामाचं राहिलं नाही. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटचं भेगांचं एक जुनं वर्गीकरण आहे. त्यात १ मिमीपर्यंतची भेग रंगकामात झाकण्यासारखी आणि ५ मिमीपर्यंतची किरकोळ धरली आहे, त्यापुढे भिंतीची दुरुस्ती सुरू होते. मात्र ते आकडे भिंतीच्या विटा-दगडांबद्दल आहेत. आतली सळई गंजत असेल तर रुंदीवरून काहीही ठरवू नये, त्याकडे पुढे येतो.

काकांच्या शंकेचं उत्तर भेगांच्या मांडणीत आहे. तुमच्या हॉलच्या खिडकीला दोन्ही वरच्या कोपऱ्यांना भेगा आहेत, म्हणजे डावी-उजवी सारखी. आकसण्याच्या भेगा अशाच दिसतात. पाया एका बाजूला खचला तर असं होत नाही. समजा घराचा उजवा कोपरा खाली बसतोय. मग भिंतीचा उजवा भाग डाव्याच्या तुलनेत खाली ओढला जातो. अशा वेळी खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून भेग वर उजवीकडे जाते आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातून खाली डावीकडे. म्हणजे कर्णावरचे समोरासमोरचे दोन कोपरे, बाकीचे दोन बहुधा कोरे. त्याच भिंतीतल्या दुसऱ्या खिडकीलाही त्याच दिशेची भेग असते. भेगेचं वरचं टोक ज्या बाजूला झुकतं, ती बाजू बसतेय असं साधारणपणे धरता येतं. शिवाय कोपरा बसत असताना भेग वर रुंद आणि खाली निमुळती होत जाते. आकसण्याची भेग खिडकीच्या कोपऱ्याशी सर्वांत रुंद असते आणि वर जाता जाता विरते.

यासोबत बाहेरून त्याच जागी पाहा. आत भेग आहे आणि बाहेरच्या प्लास्टरवर तशीच, त्याच उंचीला, तर भेग भिंतीच्या आरपार गेली आहे. बाहेर नसेल तर बहुधा ती प्लास्टरचीच. खात्री हवी असेल तर भेगेवर आडवा असा सहा इंच रुंदीचा प्लास्टरचा पट्टा हलक्या हातानं छिन्नीनं काढा. खाली चिरे अखंड आणि सांधे अखंड निघाले तर विषय संपला. सांध्यांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी भेग गेलेली असेल तर भिंत हललेली आहे. आणि सांधा सोडून अख्खा चिराच चिरला असेल, तर इंजिनिअरला घरी बोलवा, फोटो पाठवून भागणार नाही.

खिडक्या घट्ट होणं हे पाया खचण्याचं लक्षण म्हणून बरेच जण सांगतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ते अजिबात धरू नका. पावसात लाकूड फुगतं आणि अर्ध्या गावाची दारं-खिडक्या अडकतात. मार्च-एप्रिलमध्येही झडप चौकटीला एकाच कोपऱ्यात घासत असेल तर मात्र चौकट वाकडी झाली असं म्हणता येईल. चौकटीला ओळंबा लावून बघा.

पाया खचण्याची शक्यता तुमच्या जागेवरही ठरते. घर कातळावर असेल तर सहसा चिंता नाही. भातखाचर भरून त्यावर भराव घालून बांधलेलं असेल, किंवा घराच्या एका कोपऱ्याखाली भराव आणि दुसऱ्याखाली मूळ जमीन असेल, तर विचारायला जागा आहे. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे छताचं पाणी. पन्हळीचा पाइप कोपऱ्याशीच जमिनीत सोडलेला असतो. कोकणात चार महिन्यांत जेवढा पाऊस पडतो तो सगळा पायाच्या एका टोकाशी ओतला तर तिथली माती धुपणारच. शोषखड्डा पायापासून दोन-तीन फुटांवर खणलेला असेल तर तेच. ही कारणं असतील तर काम भिंतीवर नाही, पाणी दूर नेण्यावर सुरू करायचं.

भेग जिवंत आहे की थांबलेली, हे एका भेटीत कुणालाही सांगता येत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. मध्ये भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना एपॉक्सीनं चिकटवा. भिंत हलली की काच तडकते. मग मेच्या अखेरीस, ऑगस्टमध्ये, नोव्हेंबरमध्ये आणि फेब्रुवारीत बघा. जांभा पावसाळ्यात ओल धरून किंचित फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, म्हणून साधी भेग ऑगस्टमध्ये मिटल्यासारखी दिसते आणि एप्रिलमध्ये पुन्हा उघडते. काच तडकली तरी फेब्रुवारीची रुंदी गेल्या फेब्रुवारीएवढीच असेल तर ती नुसती ऋतूची हालचाल. खचणाऱ्या पायाची भेग नेमकी पावसात किंवा पावसानंतर उघडते आणि परत मिटत नाही, टोक पेन्सिलीच्या रेघेच्या पुढे जातं.

आता पश्चिमेची ती आडवी रेघ. ती लिंटेलच्या खालच्या कडेला, खिडकीच्या चौकटीच्या वर दोन-तीन बोटं, जवळजवळ सरळ जात असेल तर समजा की तिच्या मागे लिंटेलची खालची सळई आहे. पश्चिमेकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यातलं मीठ भिंतीवर बसतं, पावसात विरघळून भेगांतून आत जातं. त्याखेरीज पूर्वी अनेक ठिकाणी खाडीची रेती न धुता काँक्रीटमध्ये वापरली गेली, म्हणजे मीठ पहिल्या दिवसापासून आतच होतं. काँक्रीटमधला चुन्यासारखा क्षारीय गुणधर्म सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकवतो. मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं. त्यानंतर सळई गंजू लागते आणि गंज लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा मागतो. ही जागा काँक्रीटकडे नसते, म्हणून ते सळईच्या लांबीनं फुटतं. आकसण्याच्या भेगेचं काम एकदा झालं की ती थांबते. गंजाची भेग थांबत नाही, कारण ती स्वतःच पुढच्या पाण्याला आणि मिठाला वाट करून देते.

तपासणी सोपी आहे. छोट्या हातोड्यानं लिंटेलच्या लांबीवर हलके ठोके मारत जा. घट्ट भागावर आवाज टणक येतो, सुटलेल्या भागावर बद्द. रेघेखाली चहाच्या रंगाचा ओघळ किंवा रंगाचा पापुद्रा दिसतोय का, पाहा. पांढरी खार फुटली असेल तर ती ओलीची खूण आहे, गंजाची नाही. तपकिरी ओघळ आणि बद्द आवाज दोन्ही असतील तर तुम्हाला मोजमापाची गरजच नाही, खाली झोपणाऱ्याची खाट तिथून हलवा आणि दुरुस्ती ठरवा.

गुहागरकडच्या एका घराचं उदाहरण देतो, कारण त्यात या दोन्ही भेगा एकाच वेळी होत्या. घरमालकांचं लक्ष दिवाणखान्याच्या तिरक्या भेगांकडे होतं. तिथे पट्टा काढून पाहिला तर चिरे ठणठणीत, भेग प्लास्टरमध्येच. पश्चिमेच्या खिडकीवरची रेघ मात्र त्यांनी लागोपाठ काही वर्षं पुट्टीनं बुजवली होती. तिथे ठोकल्यावर हाताच्या तळव्याएवढा पापुद्रा आपसूक खाली आला. खिडकी चार फुटांची, सळया दहा मिमीच्या, आणि त्यावर काँक्रीटचं कवच जेमतेम १५ मिमी. मधल्या भागात सळई घासून मोजली तर सात मिमी उरलेली. तीन मिमी कमी झाली हे ऐकायला फार वाटत नाही, पण सळईचं बळ तिच्या काटछेदावर अवलंबून असतं. दहाचा वर्ग शंभर, सातचा एकोणपन्नास. म्हणजे लोखंड निम्मं गेलं होतं. किनाऱ्यावर मोकळ्या हवेत असलेल्या काँक्रीटसाठी भारतीय मानक आयएस ४५६ कवच ४५ मिमीचं मागतं, म्हणजे तिथे होतं त्याच्या तिप्पट.

तरी ते लिंटेल पडलं का नव्हतं? कारण खिडकीवरची भिंत बऱ्याच अंशी स्वतःच कमानीसारखी भार दोन्हीकडे टाकते. लिंटेलवर प्रत्यक्षात येतो तो त्याच्या वरच्या त्रिकोणी भागाचा भार, ज्याची उंची खिडकीच्या रुंदीच्या साधारण पाऊण ते नव्वद टक्के असते. चार फुटांच्या खिडकीला हा त्रिकोण तीन-साडेतीन फूट उंच होतो. आणि आपल्या घरांत लिंटेल सात फुटांवर, स्लॅब दहा फुटांवर. लिंटेलची जाडी वजा करता मध्ये भिंत अडीच फूटच उरते. त्रिकोण पुरा होत नाही, त्यामुळे स्लॅबच्या भाराचा वाटा लिंटेलवर येतोच. म्हणून आधार लावल्याशिवाय असं लिंटेल फोडायला कुणाला देऊ नका.

त्या घरात दुरुस्तीचे दोन मार्ग होते. एक म्हणजे सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे दोन सेंटिमीटरपर्यंत काढायचं, गंज घासायचा, जोडसळई टाकायची आणि पॉलिमर मिसळलेल्या मालानं भरायचं. मोठ्या बीमला, जो बदलता येत नाही, तिथे हेच करावं लागतं. पण मीठ जुन्या काँक्रीटमध्ये राहिलेलंच असतं. नव्या तुकड्याच्या शेजारी, जुन्या भागात, गंज पुन्हा जोर धरतो आणि काही वर्षांत भेग तुकड्याच्या कडेला उगवते. चार फुटांच्या खिडकीसाठी माझं मत स्पष्ट आहे, लिंटेल बदला.

आम्ही दोन्ही बाजूंनी स्लॅबला जॅक लावून आधार दिला. जुनं लिंटेल अर्ध्या-अर्ध्या लांबीत न काढता, भिंतीतल्या टोकांपासून सोडवत काढलं. नवं लिंटेल चार फुटांच्या उघड्या भागासाठी साडेपाच फुटांचं, म्हणजे दोन्हीकडे नऊ-नऊ इंच बसवलेलं. खाली बारा मिमीच्या दोन सळया, वर आठ मिमीच्या दोन, कड्या सहा इंचांवर. जुनं लिंटेल सहा इंच उंच होतं. नवं आठ इंचांचं घेतलं, म्हणजे पुरं कवच ठेवूनही मध्ये पुरेशी उंची उरते. काँक्रीट एम-३०, धुतलेली नदीची रेती किंवा दगडाची क्रश सँड, आणि कवच नीट राहावं म्हणून सळईखाली सिमेंटचे ठोकळे. कवच ४५ मिमी मागून गवंड्याला पाठवलं की तो २० ठेवतो, म्हणून भरणी होत असताना समोर उभं राहावं. आधार चौदा दिवस काढू नये, आणि त्यातले किमान सात दिवस ओली पोती काढू नयेत. वर छज्जा असेल तर त्याचा उतार बाहेर आणि खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच हवीच. छज्ज्यावर साचलेलं पाणी लिंटेलकडे येत असेल तर नवं लिंटेलही जुन्याच वाटेनं जाईल. हा हिशेब एका मजल्याच्या चिऱ्याच्या घराचा आहे. वर दुसरा मजला असेल, किंवा खिडकी सहा फुटांपेक्षा मोठी असेल, तर या सळया तुम्हाला चालणार नाहीत, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब करून घ्या.

तुमच्या हॉलच्या भेगा पट्टा काढल्यावर प्लास्टरच्याच निघाल्या, तर त्यांचं काम स्वस्त आहे. ते मार्च-एप्रिलमध्ये करा. ऑक्टोबरात पाऊस थांबला तरी चिरा आत ओला असतो आणि भरलेली भेग पुढच्या उन्हाळ्यात परत उघडते. भेग छिन्नीनं सहा-आठ मिमी रुंद करून धूळ झटकायची आणि त्यात लवचीक अॅक्रिलिक भरणी घालायची. सिमेंटचं पाणी ओतण्यात अर्थ नाही, ते कडक होतं आणि त्याच जागी तडकतं. भेग अर्ध्या मिमीपेक्षा रुंद असेल तर कोपऱ्यापासून दोन्हीकडे सहा इंच प्लास्टर काढा. लिंटेलवर टाचे मारून भिंत भिजवा, सिमेंट-रेतीचा पातळ शिंतोडा देऊन तो एक दिवस सुकू द्या. मग चिकन मेश जाळी लिंटेल आणि चिरा दोन्हींवर पुरेल अशी ताणून खिळ्यांनी बसवा आणि वर एकास पाचचं प्लास्टर करा. जाळी जस्ताचा मुलामा असलेलीच घ्या. साधी जाळी किनाऱ्यावर दोन-तीन पावसांत गंजून प्लास्टरवर तपकिरी डाग देते, आणि मग पुढचा माणूस त्यालाच लिंटेलचा गंज समजतो.

पश्चिमेच्या खिडकीसाठी आधी ठोकून बघा आणि मला सांगा : आवाज कुठून कुठपर्यंत बद्द येतो, रेघ चौकटीपासून किती बोटं वर आहे, आणि छज्ज्याचा उतार कोणत्या बाजूला आहे. बाहेरून त्या जागेचा फोटो ऊन भिंतीला जवळजवळ घासून पडत असेल तेव्हा काढा, तेव्हा बारीक भेगही स्पष्ट येते.